पुढच्या एका टायरवर 185/60 R15 84T, बाकी तिघांवर 185/65 R15 88H. चालवावी का? (फोटो आहे)

सांजवारा
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. अलीकडेच वापरलेली हॅचबॅक घेतली. गाडी धुताना पुढच्या डाव्या टायरवर वेगळा नंबर दिसला, त्याचा फोटो जोडलाय. 185/60 R15 84T असं वाचता येतं. बाकी तिघांवर 185/65 R15 88H आहे आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरही तेच आहे. कंपनी चौघांची एकच, नक्षीही जवळपास सारखी, त्यामुळे घेताना कोणाच्याच लक्षात आलं नाही.

डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा पिवळा दिवा मधूनमधून लागायचा. हवा तपासली की चारही चाकांत 33 बरोबर. मेनूत जाऊन रीसेट केलं की दिवा जातो, आणि आता बरेच दिवस लागलेला नाही. गाडी किंचित डावीकडे जाते असंही वाटतं, पण तो माझा भ्रम असू शकतो.

एक गोंधळ आणखी. 185 ही रुंदी म्हणतात, पण टेप लावून मोजलं तर रस्त्याला टेकणारा पट्टा दीडशे मिलिमीटरच्या आसपास भरतो. मग टायर चुकीचा की माझी टेप?

उलटसुलट
ताई, टेन्शन घेऊ नका. R15 म्हणजे रेडियस 15, तो चौघांचा सारखा आहे, म्हणजे चाक सारखंच. 84 म्हणजे 500 किलो. चार टायर मिळून 2000 किलो झाले, तुमची गाडी हजार-अकराशे किलोची. टी म्हणजे ताशी 190, एवढी तुम्ही पळवणार आहात का? बिनधास्त चालवा.

पाना_बावीस
84 म्हणजे 500 किलो आणि टी म्हणजे 190, हे दोन्ही बरोबर. बाकीचं मात्र नाही. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे कसे घातलेत त्याची खूण. 15 हा रिमचा व्यास, तोही इंचांत, रुंदी मात्र मिलिमीटरमध्ये. कोणी ठरवलं देवास ठाऊक, पण आहे ते असं आहे.

ताई, तुमची टेप बरोबर आहे. 185 ही टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी नसते. टायर ठरावीक रुंदीच्या रिमवर बसवून हवा भरली की दोन्ही बाजू जिथे सर्वांत जास्त फुगतात, तिथून तिथपर्यंतचं अंतर ते असतं. रिम अर्धा इंच रुंद घेतली तर हाच टायर साधारण 5 मिमी जास्त रुंद भरतो. रस्त्याला टेकणारा पट्टा त्याहून अरुंदच असतो.

आता खरा फरक 65 आणि 60 मध्ये आहे. हे मिलिमीटर नव्हेत, रुंदीचे टक्के आहेत. 185 चे 65 टक्के म्हणजे 120 मिमी, रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची. 60 टक्के घेतले तर 111. रिम 15 इंच म्हणजे 381 मिमी. वरची आणि खालची बाजू मिळवून पूर्ण व्यास काढा:

```
185/65 R15 : 381 + 2 × 120.25 = 621.5 मिमी
185/60 R15 : 381 + 2 × 111    = 603 मिमी
```

म्हणजे पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा 3 टक्के लहान. एक किलोमीटर जायला मोठं चाक साधारण 512 फेरे घेतं आणि हे 528. सरळ रस्त्यावरसुद्धा एकाच धुरीवरची दोन चाकं सतत वेगवेगळ्या गतीने फिरतात.

तुमचा दिवा त्यामुळेच लागत असावा. बऱ्याच गाड्यांमध्ये टायरच्या आत हवा मोजणारं काही नसतं. एबीएसचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतात आणि एखादं चाक इतरांपेक्षा जास्त फिरलं की गाडी समजते, त्याची हवा गेलीय. तुमचं लहान चाक हवा पूर्ण असूनही जास्त फिरतं.

दुचाकीवाला
चांगला धागा. माझ्या बाइकला मागे 100/90-18 आहे, तिथे 110/90-18 बसेल का? टायरवाला म्हणतो आरामात बसेल.

सांजवारा
@पाना_बावीस, खूप आभार, आता डोक्यात शिरलं. पण मग रीसेट केल्यावर दिवा गेला कसा? टायर तर तोच आहे.

पाना_बावीस
हाच यातला फसवा भाग. रीसेट केलं की गाडी पुढचं काही अंतर चाकांचे फेरे नव्याने शिकते आणि त्या क्षणी जे आहे तेच योग्य असं धरते. तुमच्या गाडीने लहान चाक हेच नेहमीचं म्हणून मान्य केलंय. दिवा गेला म्हणजे टायर बरोबर झाला असं नाही.

त्यात दुसरा धोका असा की रीसेट करताना एखाद्या चाकात खरोखर हवा कमी असेल, तर तीही योग्यच धरली जाते. म्हणून आधी चारही चाकं गार असताना स्टिकरप्रमाणे हवा भरायची आणि मगच रीसेट. हे सगळं तुमची गाडी फेरे मोजणारी असेल तर. व्हॉल्व्हजवळ सेन्सर असलेली असेल तर दिव्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बघून सांगा.

उलटसुलट
मान्य, रेडियसचं माझं चुकलं. पण वजनाचा हिशोब तर बरोबर आहे ना? दुप्पट वजन पेलतंय की.

पाना_बावीस
चौघांची बेरीज करून भागत नाही, कारण गाडीचं वजन चौघांवर सारखं नसतं. इंजिन पुढे असतं आणि ब्रेक मारला की आणखी भार पुढे येतो. ताई, दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक धातूची पट्टी असेल. तिच्यावर पुढच्या आणि मागच्या धुरीवर जास्तीत जास्त किती किलो चालतं ते असतं. तो आकडा द्या.

सांजवारा
सापडली. पुढे 880, मागे 850. आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय की गाडी चाकांच्या गतीवरूनच हवेचा अंदाज घेते. म्हणजे तुमचा तर्क बरोबर.

पाना_बावीस
छान. पुढच्या प्रत्येक टायरवर जास्तीत जास्त 440 किलो. 88 म्हणजे 560 किलो, भरपूर जागा. 84 म्हणजे 500, तरीही वरच. त्यामुळे आज रस्त्यात टायर फुटेल असं मी म्हणत नाही, आणि इथवर उलटसुलट यांचं म्हणणं खोटं नाही.

पण 500 किलो हे पूर्ण हवेवरचे आहेत. साध्या टायरला तो आकडा सुमारे 36 पीएसआयला धरतात. तुम्ही 33 भरता, तिथे पेलायची ताकद साडेचारशे ते पावणेपाचशे किलोच्या दरम्यान येते. आता 440 शी तुलना करा. पाच माणसं आणि सामान घेऊन वळणाच्या उतारावर ब्रेक मारला तर बाहेरच्या पुढच्या टायरवर 440 पेक्षा बराच जास्त भार येतो. कारवाल्यांनी 88 मागितलाय तो ही जागा राहावी म्हणून. स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा जास्त चालतो, कमी घ्यायचा नाही.

टीबद्दल मला सर्वांत कमी काळजी वाटते. एच म्हणजे 210, टी म्हणजे 190, आणि तुम्ही दोन्हींच्या खालीच असणार. तरी नवीन घेताना एचच घ्या. ते अक्षर म्हणजे त्या वेगाला ठरलेला भार घेऊन टायर किती उष्णता सोसतो त्याची परीक्षा.

चाकोरीबाहेर
एक शंका. @पाना_बावीस, तुमचे 3 टक्के नव्या टायरचे आहेत. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी खोल असते. ताईंचे बाकीचे तीन अर्धे झिजले असतील तर त्यांचा व्यासच 8 मिमीने कमी झाला. 621 चे झाले 613. तो लहान टायर नवा असेल तर फरक दीड-पावणेदोन टक्क्यांवर येतो. तेवढ्याने दिवा लागेल?

पाना_बावीस
मुद्दा बरोबर आहे. लागेल की नाही हे गाडीगाडीवर अवलंबून. ताई, नक्षीची खोली मोजा म्हणजे कळेल.

आणि डावीकडे ओढण्याबद्दल: पुढची दोन चाकं आपसांत बदला. त्याआधी टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण नाही ना, ते पाहा. बदलल्यावर गाडी उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरचा. तरीही डावीकडेच गेली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक पाहायला हवा.

सांजवारा
मोजलं. बाकी तिघांत साधारण 4 मिमी, त्या एकात 7. बाण नाही. चाकं रविवारी बदलून बघते. शिवाय स्टेपनी पाहिली, तीही 185/65 R15 88H, आणि नक्षी पाहता कधी वापरलेलीच नाही! तीच पुढे लावू का?

चाकोरीबाहेर
लावण्याआधी डॉटनंतरच्या चौकोनातले शेवटचे चार आकडे वाचा.

सांजवारा
2214.

चाकोरीबाहेर
म्हणजे 2014 चा 22 वा आठवडा. न वापरताही रबर म्हातारं होतं. बाजूवर आणि नक्षीच्या खाचांत बारीक भेगा दिसतात का बघा. माझं मत, एवढी जुनी स्टेपनी पुढे रोज चालवायला नको.

पाना_बावीस
रोजसाठी मीही लावणार नाही. नवीन टायर घ्यायला जाईपर्यंत, सावकाश आणि भेगा नसतील तर, हरकत नाही. मापातून मात्र ती या 185/60 पेक्षा बरी.

नवीन घ्याल तेव्हा जोडी घ्या आणि ती मागच्या धुरीला लावा. मागचे 4 मिमीचे दोन पुढे आणा. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं तर गाडी सावरणं अवघड जातं.

उलटसुलट
हे मला पटत नाही. स्टिअरिंग आणि जास्त ब्रेक पुढे, तर चांगले टायरही पुढेच हवेत.

पाना_बावीस
पुढचं घसरलं तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी परत हाती येते, मागचं घसरल्यावर तेवढा वेळ मिळत नाही. यावर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं काम होऊ दे.

सांजवारा
भांडू नका हो. जोडी 185/65 R15 88H घेते आहे, आधी पुढची चाकं आपसांत बदलून बघते. एवढे दिवस असं चालवल्याने डिफरन्शियलला काही झालं असेल का?

पाना_बावीस
इथे बसून सांगता येणार नाही. साधं डिफरन्शियल थोड्या दिवसांच्या एवढ्या फरकाला सहसा पुरून उरतं, पण आधीच्या मालकाने किती चालवलं हे कोणाला माहीत? सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी बारीक घरघर ऐकू येते का, तेवढं लक्ष ठेवा. सर्व्हिसिंगच्या वेळी गिअरबॉक्सच्या तेलात धातूचा चुरा आहे का, ते पाहायला सांगा.

दुचाकीवाला
माझ्या 110/90-18 चं राहिलंच.

चाकोरीबाहेर
10 टक्के रुंद, आणि 90 टक्के उंचीमुळे व्यासही 18 मिमीने वाढतो. स्विंगआर्म आणि चेनकव्हरला किती जागा उरते ते मोजा आणि रिमची रुंदी कळवा. "आरामात बसेल" हे माप नव्हे.