मदत हवी आहे: ऑफिसच्या भिंतीतल्या सॉकेटवर लॅपटॉपला नेट येत नाही, वायफाय चालतं

रानवारा
दोन दिवस झाले, वैतागलोय. बाणेरला ऑफिस आहे. जागा बदलून चौथ्या मजल्यावर दिली. नव्या डेस्कच्या सॉकेटला केबल लावली की दिवा लागतो, पण नेट नाही. आयपी 169.254 ने सुरू होणारा दिसतो. वायफाय चालतं, पण मला रोज तीस-चाळीस जीबीच्या फाइली हलवाव्या लागतात. आयटीवाले मुंबईत बसतात, त्यांनी 'लॅपटॉपमध्ये दोष' लिहून तिकीट बंद केलं. कोणी लवकर सांगा.

केबलमास्तर
आधी केबल बदला. दहातल्या आठ वेळा तेच असतं. नाही झालं तर हाताने आयपी टाकून बघा.

ताम्हिणी
दिवा लागतोय, म्हणजे तार बहुधा ठीक आहे. हाताने आयपी टाकून काही होणार नाही, कारण दार बहुधा स्विचनेच बंद ठेवलंय. कंपन्यांत सॉकेटवर 802.1X लावलेलं असतं. ओळख पटेपर्यंत स्विच त्या पोर्टवरून बाकी काहीच जाऊ देत नाही, म्हणून नेटवर्ककडून आयपीसुद्धा मिळत नाही, 169.254 चा लॅपटॉपने स्वतःच घेतलेला असतो.
आता हे सांगा: हाच लॅपटॉप जुन्या जागेवर चालतो का? शेजाऱ्याचा तुमच्या सॉकेटवर चालतो का? इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये Authentication नावाचा टॅब आहे का? आणि अलीकडे लॅपटॉपमध्ये काही बदललंय का?

दुपारची लोकल
आमच्याकडे कोथरूडला घरी असंच झालं होतं. राउटर दहा मिनिटं बंद ठेवून चालू केला, झालं. तुम्ही करून पाहिलंत का?

रानवारा
घरचा राउटर नाही हो, ऑफिस आहे.
ताम्हिणी, तो टॅब नाहीच. Networking आणि Sharing एवढे दोनच दिसतात. हो, मागच्या आठवड्यात डिस्क गेली म्हणून विंडोज नव्याने टाकलं. त्याचा इथे संबंध असेल असं वाटलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. विंडोज ११ एंटरप्राइझ, 23H2.

ताम्हिणी
संबंध आहे. तारेवरून ओळख सांगण्याचं काम Wired AutoConfig ही सर्व्हिस करते आणि नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती आपोआप सुरू होत नाही. ती बंद असली की तो टॅबही दिसत नाही. वायफायची सर्व्हिस वेगळी, म्हणून ते चालतं. अ‍ॅडमिन हक्कांनी हे चालवा, बरोबरच्या चिन्हानंतरची मोकळी जागा गाळू नका:

```
sc.exe config dot3svc start= auto
net start dot3svc
```

मग टॅब येईल. तिथे 802.1X चालू करा आणि पद्धत PEAP ठेवा, तुमच्याकडे तीच असेल तर. सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याची खूण मात्र काढू नका. ती काढली तर मध्ये बसलेल्या कुठल्याही खोट्या सर्व्हरशी लॅपटॉप बोलायला लागतो.

केबलमास्तर
एवढी खटपट कशाला? शेजारच्या प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस लॅपटॉपला द्या. आमच्याकडे एकाने केलं होतं, लगेच चाललं.

ताम्हिणी
कृपया असं सांगू नका. ही थेट सुरक्षेची पळवाट आहे, सापडला तर त्याची नोकरी जाईल. शिवाय एकाच मॅकची दोन यंत्रं नेटवर्कवर आली की प्रिंटरही अडखळतो. मूळ दोष आहे तिथेच राहतो.

रानवारा
मॅकचं करणार नाही. टॅब आला. युजरनेम-पासवर्ड विचारला, दिला, वीस-बावीस सेकंद थांबून 'Authentication failed'. मग तिसऱ्या मजल्यावर जुन्या सॉकेटला लावून पाहिलं तर दोन सेकंदांत चालू! शेजारणीचा लॅपटॉप माझ्या सॉकेटवर चालत नाही. चौकशी केली तर इथे आल्यापासून सगळेच वायफायवर आहेत, कोणी तार लावूनच पाहिली नव्हती. पण त्याच भिंतीवरचा प्रिंटर चालतोय.

लिमलेट
हे विंडोजचं पासवर्ड जपणारं क्रेडेन्शियल गार्ड आहे. एंटरप्राइझ विंडोज ११ मध्ये 22H2 पासून ते आपोआप चालू असतं आणि PEAP-MSCHAPv2 ला लॉगिनचा पासवर्ड वापरू देत नाही. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात अर्धा मजला याच कारणाने अडकला होता. बंद करा.

ताम्हिणी
माहिती बरोबर आहे, पण हा दोष तो नाही. तोच लॅपटॉप, तोच पासवर्ड तिसऱ्या मजल्यावर चालतोय.
वीस सेकंदांकडे बघा. पासवर्ड चुकला असता तर नकार एक-दोन सेकंदांत आला असता. सिस्को स्विच सहसा ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरला विचारून पाच सेकंद वाट बघतो आणि उत्तर नाही आलं तर आणखी तीनदा विचारतो. चार पंचे वीस. म्हणजे तुम्हाला कोणी नाही म्हटलेलं नाही, तिकडून उत्तरच आलेलं नाही. प्रिंटरच्या पोर्टवर बहुधा ओळख तपासणी लावलेलीच नाही. आयटीला चौथ्या मजल्याच्या स्विचवर हे बघायला सांगा:

```
show aaa servers
```

त्यात टाइमआउटचा आकडा विनंत्यांच्या मागोमाग वाढतोय का, ते विचारा.

रानवारा
वाढतोय. पण ते म्हणतात स्विचवरून सर्व्हरला पिंग जातो आणि स्विच सर्व्हरच्या यादीतही आहे, म्हणजे नेटवर्क ठीक.

लिमलेट
पिंग जातो म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचतंय. मी म्हटलं ना, लॅपटॉप बघा.

ताम्हिणी
पिंग जाणं म्हणजे रस्ता आहे, इतकंच. रेडियसचा प्रश्न यूडीपी १८१२ वर जातो, तो फायरवॉल वेगळा अडवू शकते. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: अनोळखी पत्त्यावरून आलेल्या प्रश्नाला रेडियस सर्व्हर नकारसुद्धा पाठवत नाही, तो गुपचूप टाकून देतो. स्विच यादीत आहे, पण कुठल्या पत्त्याने? स्विचला दोन-तीन पत्ते असतील तर प्रश्न भलत्याच पत्त्यावरून निघू शकतो. सर्व्हर विंडोजचा NPS असेल तर त्याच्या System लॉगमध्ये NPS ची 13 नंबरची नोंद शोधा. तिच्यात तो पत्ता लिहिलेला असतो.

रानवारा
सापडलं! नोंदीत 10.40.4.1 आहे आणि यादीत 10.40.90.6. चौथ्या मजल्याचा स्विच नवा आहे, राउटिंगही तोच करतो, म्हणून प्रश्न वर जाणाऱ्या जोडणीच्या पत्त्यावरून निघत होता. प्रश्न यादीतल्याच पत्त्यावरून निघावा म्हणून त्यांनी ही एक ओळ टाकली:

```
ip radius source-interface Vlan90
```

दोन सेकंदांत नेट आलं. शेजारणीचंही आलं. ताम्हिणी, मनापासून आभार, नाहीतर मी अजून केबलीच बदलत बसलो असतो.
एक राहिलं. केबल काढून लावली की दरवेळी पासवर्ड विचारतो, लक्षातच ठेवत नाही.

लिमलेट
हे मात्र क्रेडेन्शियल गार्डच. ते चालू असेपर्यंत ही पद्धत पासवर्ड साठवून देणार नाही.

ताम्हिणी
हे मान्य. पण म्हणून गार्ड बंद करू नका. पासवर्डऐवजी लॅपटॉपवर सर्टिफिकेट ठेवून EAP-TLS ला जायचं. ते आयटीलाच करावं लागेल, कारण सर्व्हरवरही धोरण बदलायचं असतं. नवं तिकीट टाका आणि त्यात 13 नंबरच्या नोंदीचाही उल्लेख करा. दुसऱ्या मजल्यांवर असेच नवे स्विच लावले असतील तर तिथेही हेच झालेलं असेल.

केबलमास्तर
तरी माझं मत, पासवर्ड विचारतो तर टाकायचा. दिवसातून दोनदा, काय त्यात?

रानवारा
मीटिंगला उठलो की केबल निघते, त्यामुळे दिवसातून सात-आठदा होतंय. तिकीट टाकलंय. 'सर्टिफिकेटचा विचार चालू आहे' एवढंच उत्तर आलं. काही हललं तर इथे लिहीन.

दुपारची लोकल
माझा कोथरूडचा राउटर आज पुन्हा बंद पडला. वेगळा धागा काढू का?