मदत हवी आहे: युक्रेनियन सहकारी महिलेला पाठवायचा छोटा संदेश

नमस्कार. आमच्या प्रकल्पातील एक सहकारी खार्किव सोडून मुलासह ल्विवला राहायला गेल्या आहेत. एरवी आमचे बोलणे इंग्रजीत होते. मात्र हे चार शब्द त्यांच्या भाषेत जावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या घरी रशियन बोलत असत, पण आता आवर्जून युक्रेनियनच वापरतात, त्यामुळे मजकुरात रशियन वळणाचा एकही शब्द नको आहे.

मसुदा असा आहे: ‘शानोव्ना कोलेहो, या दुमायू प्रो वास इ वाशु रोदिनु. ज्वीती ज़ा त्सेइ तिझ्देन या विज्मु ना सेबे. विद्पोविदाती ने ओबोव्याझ्कोवो.’ म्हणजे, ‘आदरणीय सहकारी, तुमची आणि तुमच्या कुटुंबाची आठवण मनात आहे. या आठवड्याचे अहवाल मी करतो. उत्तर देण्याची गरज नाही.’

‘सगळे ठीक होईल’ हे वाक्य मी मुद्दाम टाळले, कारण तसे आश्वासन देणे माझ्या हातात नाही. अहवाल करणे आहे. ‘निर्वासित’ असा उल्लेखही कुठे केलेला नाही. संबोधन ‘वी’ या आदरार्थी रूपातच ठेवले आहे, कारण आमची ओळख कामापुरतीच आहे.

‘शानोव्ना’ हे कार्यालयीन पत्रासारखे कोरडे वाटते का, आणि त्याऐवजी ‘दोरोहा’, म्हणजे ‘प्रिय’, लिहिले तर ती नको इतकी सलगी होईल का? शेवटी ‘त्रिमाइतेस्या’, म्हणजे ‘धीर धरा’, लिहावे की ते सुरक्षित ठिकाणी बसलेल्याने केलेल्या उपदेशासारखे वाटेल? युक्रेनमध्ये शिकलेल्या किंवा तिथल्या लोकांबरोबर काम केलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.