‘तू’ला घाबरवू नका, कामाला लावा

> ‘तू’ वापरून सकाळची गोष्ट लिहितोय, पण विचित्र घडायला लागलं की वाचक तुटतो. काय करू?

तुटतो तो ‘तू घाबरतोस’ या वाक्यापाशी. कृती सांगितली की वाचक निमूट करतो; भावना सांगितली की मनात म्हणतो, ‘मी नाही बुवा.’ म्हणून नुसती कामं लिहा. बीडकडचं गाव, टँकर आलाय. तू चार घागरी ओततोस, रांजण भरतो, झाकण ठेवतोस. दुसऱ्या सकाळी त्याच सुरात: चौथी ओततोस, रांजण अर्धाच. पाचवी. सहावी. शेजारची काकू म्हणते, ‘रोज सहाच लागतेत की रे तुला.’ तू मान डोलावतोस. इथे ‘अचानक’ लिहिलंत की खेळ खलास. आणि पहिली सकाळ उरकू नका. चार घागरींचं वजन हाताला लागल्याशिवाय सहावी खटकत नाही.