अनुभव धागा: परदेशातल्या स्वयंपाकघरासाठी मोदकांचा व्हिडिओ – टायटल, डिस्क्रिप्शन आणि चॅप्टर कसे लिहिता?

नेकारकाठ

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी मी उकडीच्या मोदकांचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. जर्मनीत राहणाऱ्या आणि घरी पहिल्यांदाच मोदक करणाऱ्या लोकांसाठी तो होता. टायटल दिलं होतं ‘उकडीचे मोदक | पारंपरिक पद्धत | गणपती स्पेशल’. डिस्क्रिप्शनमध्ये आधी चॅनेलची ओळख, मग साहित्याची यादी. चॅप्टर चार: प्रस्तावना, साहित्य, कृती, शेवट.

व्हिडिओत इथल्या दुकानातल्या तांदूळ पिठाबद्दल मी भरपूर बोलले आहे. तरीही खाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला: ‘आमच्याकडे मोदकाचं पीठ मिळत नाही, काय वापरू?’ उत्तर तिसऱ्या मिनिटाला होतं, पण ते तिथे आहे हे बाहेरून कुणाला कळणार? यंदा व्हिडिओ नव्याने केलाय, अकरा मिनिटांत बसवलाय. तुम्ही असे व्हिडिओ करत असाल किंवा बघून मोदक केले असतील, तर अनुभव लिहा. टायटलमध्ये काय वाचून थांबलात? चॅप्टर कधी उपयोगी पडले?

टेम्सपार

मी सहा वर्षं हे करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘पारंपरिक पद्धत’ हे शब्द पुण्यातल्या बाईसाठी ठीक आहेत. तिला पीठ गिरणीतून मिळतं, नारळ ताजा असतो. लंडनमध्ये फोन हातात घेऊन उभी असलेली मुलगी पारंपरिक पद्धत शोधत नसते. तिच्या हातात सुपरमार्केटातली तांदूळ पिठाची पिशवी असते आणि ह्याचे मोदक होतील का, एवढंच तिला कळायला हवं असतं. ते टायटलमध्ये हवं. टायटलला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर त्यातलं सुरुवातीचंच काय ते दिसतं. त्यामुळे पदार्थाचं नाव आणि अडचण दोन्ही पहिल्या निम्म्यात आली पाहिजेत. ‘गणपती स्पेशल’ काढून टाका. गणपतीत मोदक शोधणाऱ्याला गणपती आहेत हे माहीत असतं.

डिस्क्रिप्शनचंही तसंच. घडी न उलगडता वरच्या दोनेक ओळीच दिसतात. तिथे चॅनेलची ओळख घालून जागा का घालवायची? माझ्या पहिल्या ओळीत कुठलं पीठ वापरलंय ते असतं आणि दुसरीत प्रमाण.

चॅप्टरसाठी मी स्वतःच्या मुलीला पहिल्यांदा मोदक करताना शेजारी बसून बघितलं. ती व्हिडिओ सलग बघत नव्हती. पीठ उकळत्या पाण्यात घातल्यावर थांबवला, मळताना मागे नेला आणि पारी फाटली तेव्हा कणकेच्या हातांनी कोपराने पुढे ढकलायला लागली. तिचे हात जिथे अडले तिथे माझे चॅप्टर आहेत. ‘कृती’ नावाचा सहा मिनिटांचा चॅप्टर तिच्या काही कामाचा नव्हता.

हडसनकाठचा बल्लव

टेम्सपारताईंशी सहमत. एक भर घालतो: चॅप्टर दिसायला किमान पाच तरी टाइमस्टॅम्प लागतात आणि प्रत्येक वेळेनंतर डॅश द्यावा लागतो. माझे चार होते तेव्हा पट्टीवर काहीच दिसत नव्हतं, पाच केल्यावर दिसायला लागले.

टेम्सपार

पाच नाही, तीन पुरतात, आणि डॅश ऐच्छिक आहे. पहिला 0:00 असावा लागतो, वेळा चढत्या क्रमाने लागतात आणि कुठलाही चॅप्टर १० सेकंदांहून लहान चालत नाही. तुमचा पहिला कितीचा होता?

हडसनकाठचा बल्लव

आत्ता जुनी फाइल उघडून बघितली. पहिला 0:15 होता! पाचवा घालताना मी वर 0:00 ची ओळ घातली होती, त्यामुळे दिसायला लागले. म्हणजे माझा हिशोब तीन वर्षं चुकीचा होता. धन्यवाद.

पर्थची सुगरण

वेळांच्या आकड्यांवरून आठवलं. मी सगळं मराठीत लिहायचं म्हणून आकडेही देवनागरीत लिहिले होते, ०:०० असे. ते साधा मजकूर म्हणून राहिले. निळे झाले नाहीत, दाबले तरी कुठे जात नव्हते. नाव मराठीत आणि आकडे इंग्रजी केले तेव्हा चालले.

कपाबद्दलही लिहा. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलीचा, आमच्याकडचा २५०चा, आणि आमचा टेबलस्पून २० मिलीचा असतो, बाकी बऱ्याच ठिकाणी १५चा. उकडीला एकास एक प्रमाण असलं तर कप कुठलाही चालतो, फक्त पीठ आणि पाणी एकाच कपाने घ्यायचं. पण पीठ दाबून भरलं की गणित बिघडतं. माझ्या कपात सैल भरलेलं पीठ १४० ग्रॅम भरलं आणि दाबून भरलेलं १७०. तेवढ्या फरकाने उकड कोरडी होते आणि मोदकाला तडे जातात. म्हणून मी डिस्क्रिप्शनमध्ये वजन लिहिते: १५० ग्रॅम पिठाला २४० मिली पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप.

लेमन लेकजवळ

मला मदत हवी आहे. मी दोनदा मोदक केले, दोन्ही वेळा वाफवल्यावर बसले. पारी सुंदर झाली होती, कळ्या छान आल्या होत्या, अजिबात फाटली नाही. पण दहा मिनिटांनी झाकण काढलं तर सगळे चपटे, एकमेकांना आणि पानाला चिकटलेले. पाणी कमी करू का? जिनिव्हात थाई दुकानातून पीठ आणलं होतं.

टेम्सपार

पिशवीवर ‘gluant’ लिहिलंय का बघा.

लेमन लेकजवळ

हो! ‘Farine de riz gluant’. मला वाटलं ग्लुटेनबद्दल काहीतरी असेल.

टेम्सपार

ग्लुटेनशी संबंध नाही. ते चिकट तांदळाचं पीठ आहे. मळताना फार सुखाचं वाटतं, तडा म्हणून जात नाही, आणि वाफ लागली की मऊ पडून पसरतं. पाणी कमी करून काही होणार नाही. त्याच फळीवर शेजारी नुसत्या ‘farine de riz’ची पिशवी असेल, ती घ्या.

नेकारकाठ

धाग्याचा विषय हा नव्हता, पण लेमन लेकजवळ, तुमच्यामुळे मला एक चॅप्टर मिळाला. जर्मनीत त्याला Klebreismehl म्हणतात, साधं ते Reismehl. ही नावं मी व्हिडिओत तोंडी सांगितली आहेत, पण दुकानात उभं राहून कोण व्हिडिओ ऐकणार? डिस्क्रिप्शनमध्ये पिशवीवर असतात तशीच लिहिते, म्हणजे समोर धरून जुळवता येतील.

हडसनकाठचा बल्लव

साधं पीठ घेतलं तरी ते रवाळ असू शकतं. चिमटीत घासून बघायचं. कचकच लागली तर मोदकाची कडा हमखास फुटते. मी अशा पिठात कपाला एक टेबलस्पून ते चिकट पीठ मिसळतो आणि उकड झाकून दहाऐवजी वीस मिनिटं ठेवतो.

टेम्सपार

झाकून ठेवणं पटलं. चिकट पीठ मिसळणं मला पटत नाही. मोदक गार झाल्यावर दाताला ओढ लागते. मी रवाळ पीठ बारीक चाळणीतून काढते आणि मळताना कोमट पाण्याचा हात जास्त लावते.

हडसनकाठचा बल्लव

गार होईपर्यंत आमच्याकडे उरत नाहीत, त्यामुळे ती ओढ मी अनुभवलेली नाही. पण कळ्या टिकतात हे नक्की.

मिसिसागाची सून

मी बघणाऱ्यांच्या बाजूची. माझं बालपण टोरंटोजवळच गेलं. मराठी बोलते, वाचतेही, पण फोनवर मराठी टाइप करत नाही. मी शोधते ते असं: `ukadiche modak frozen coconut`. टायटल पूर्ण देवनागरीत असेल तर कदाचित समोर येतही असेल, पण यादीत पटकन माझी नजर त्यावर थांबत नाही. नवऱ्याला मराठी येत नाही आणि सारण तो करतो. त्याला चॅप्टरचं नाव वाचता आलं पाहिजे.

आणि गोठवलेल्या नारळासाठी स्वतंत्र चॅप्टर द्याच. मी पहिल्या वर्षी पाकीट अर्धवट वितळलेलं तसंच कढईत घातलं. व्हिडिओत सारण सहा मिनिटांत झालं होतं, म्हणून मीही सहा मिनिटांनी गॅस बंद केला. सारणातलं पाणी पारीत उतरलं आणि मोदक तळातून फाटले. चॅप्टरच्या नावातच ‘नारळ पूर्ण वितळू द्या’ असतं तर माझं लक्ष गेलं असतं.

पर्थची सुगरण

नवऱ्यासाठी एक सोय आहे. टायटल आणि डिस्क्रिप्शनचं भाषांतर वेगळं भरता येतं. मूळ भाषा मराठी ठेवायची, इंग्रजी निराळं लिहायचं, फोन इंग्रजीत असेल त्याला इंग्रजी दिसतं. मी भाषांतरातही त्याच वेळा पुन्हा लिहिते.

पण मग माझी आई, जिचा फोन इंग्रजीत आहे, तिलाही इंग्रजी टायटल दिसतं, आणि ‘हा तुझा व्हिडिओ नाही’ म्हणते. ह्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

नेकारकाठ

एक चूक मीच केली होती, ती इथे लिहून ठेवते, कारण ती लवकर लक्षात येत नाही. व्हिडिओ चढवल्यावर सुरुवातीचं चाळीस सेकंदांचं बोलणं मी तिथल्याच संपादकात कापलं. डिस्क्रिप्शनमधल्या वेळा अर्थातच जुन्याच राहिल्या. पट्टी छान दिसत होती, नावं दिसत होती, आणि ‘उकड’ दाबलं की मळणीच्या मध्यावर जात होतं. आता कापाकापी झाल्यावर मी फोनवर प्रत्येक चॅप्टर दाबून बघते.

सगळ्यांचं वाचून टायटल असं केलंय: `उकडीचे मोदक विकतच्या तांदूळ पिठाचे | Ukadiche Modak, Frozen Coconut`. डिस्क्रिप्शनची सुरुवात आणि चॅप्टर:

```
पीठ: Reismehl / rice flour / farine de riz. Klebreismehl, glutinous, gluant नको.
१५० ग्रॅम पीठ, २४० मिली पाणी. रवाळ पिठाला थोडं जास्त.

0:00 तयार मोदक
0:25 पिशवीवर काय वाचायचं
1:50 नारळ पूर्ण वितळू द्या: सारण
4:10 उकड
5:40 मळणी, तडे दिसले तर
7:15 पारी आणि कळ्या
8:50 पारी फाटली तर
9:40 वाफवणे, १० ते १२ मिनिटं
```

सारणाचा चॅप्टर नारळाच्या नावाने सुरू केलाय, कारण फोनवर नाव मागून कापलं जातं. नावं मराठीतच ठेवली आहेत. मिसिसागाची सून, तुमच्या नवऱ्यासाठी इंग्रजी भाषांतर वेगळं भरते आहे.

मिसिसागाची सून

‘पारी फाटली तर’ थोडं आधी घ्या ना. पारी फाटते ती कळ्या घालतानाच, आणि तेव्हा मला पुढचा चॅप्टर शोधावा लागेल.

नेकारकाठ

चित्रीकरणाचा क्रम तसा आहे, चॅप्टर मागेपुढे करता येणार नाहीत. पण पारीचा भाग आठ मिनिटांच्या सुमारास तोडून मधे फाटलेल्या पारीचा तुकडा टाकता येईल. आज रात्री करून बघते आणि मग सगळ्या वेळा पुन्हा लिहाव्या लागतील.

लेमन लेकजवळ

साधं पीठ मिळालं. त्याच फळीवर, खालच्या खणात होतं. शनिवारी करते.