वर्डची फाइल एकच लांब चित्र करून पाठवायची आहे, अक्षरं फुटतात. काय करावं?

तापीकाठ (चोपडा)

राम राम. आमच्या भाऊबंदांत दरवर्षी श्रावणात कानबाई बसते. जागरणाची अहिराणी गाणी आत्याच्या तोंडपाठ आहेत, बाकी कुणाला पूर्ण येत नाहीत. यंदा तिच्याजवळ बसून मी ती वर्डमध्ये टाइप केली. सात गाणी, पाच पानं, मंगल फाँट, १२ पॉइंट. आता ती घरातल्या बायकांच्या फोनवर पाठवायची आहेत. पीडीएफ नको, कारण अर्ध्या जणींना ती उघडता येत नाही आणि गाताना एका हाताने पान सरकवायचं असतं. म्हणून पाचही पानांचे जेपीजी केले, एकाखाली एक जोडले आणि एकच लांब चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं.

माझ्या लॅपटॉपवर सुरेख दिसतं. आत्याच्या फोनवर मात्र नुसता काळा चुरा. मोठं केलं तर ‘ध’ आहे की ‘घ’, तेच कळत नाही. अहिराणी शब्द अंदाजाने वाचता येत नाहीत, अक्षर दिसायलाच हवं. कुणी असं काम केलंय का?

धुळेकर_७२

डीपीआय वाढवा. ३०० वर काढा, सगळं स्वच्छ येईल. मी ऑफिसचे कागद असेच काढतो, कधी तक्रार नाही.

तापीकाठ

३०० वरच काढलं होतं, दादा. मग ६०० करून पाहिलं. फाइल प्रचंड झाली, पण आत्याकडे पोचलं ते जसंच्या तसं खराब.

अक्षरजुळणी (अमळनेर)

अठरा वर्षं डीटीपी करते आहे, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. ताई, आधी एक करा. आत्याच्या फोनमध्ये ते चित्र उघडून त्याचा तपशील बघा. रुंदी-उंची किती पिक्सेल लिहिली आहे, तो आकडा इथे टाका.

रावेरची_केळी

माझा पण असाच प्रश्न आहे. बाजारभावाच्या पत्रकाचा फोटो येतो, त्यातला मजकूर वर्डमध्ये कसा आणायचा?

अक्षरजुळणी

भाऊ, तुमचं काम उलट दिशेचं आहे, चित्रातून अक्षरं ओळखून काढायची. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे सांगते. इथे मिसळलं तर ताईंचं राहून जाईल.

तापीकाठ

बघितलं. आत्याच्या फोनमध्ये २२६ × १६०० आहे. माझ्याकडचं चित्र १०८० × ७६३५ होतं! (६०० डीपीआयचं आधी १०८० रुंदीवर आणलं होतं.)

अक्षरजुळणी

तिथेच सगळं आहे. व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. तुमची लांब बाजू म्हणजे उंची. ती ७६३५ वरून १६०० झाली, तर रुंदी त्याच प्रमाणात २२६ वर येणारच. अख्ख्या ओळीला २२६ ठिपके मिळाले, त्यात अक्षर मावेल कुठून? डीपीआय ६०० काय, १२०० केलात तरी पोचताना २२६च होईल. दादांचे कागद एकेका पानाचे असतात, त्यामुळे त्यांना हे कधी जाणवलं नसेल.

देवनागरीला हे जास्त बाधतं. ध-घ आणि भ-म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या छोट्या फटीत असतो. ती फट एखाद्या ठिपक्याएवढी झाली की बुजते. अनुस्वार आणि रफारही असेच जातात. शिवाय जेपीजी काळ्या रेषेभोवती करडी धूळ सोडतं, ती नेमकी त्या फटीत भरते. म्हणून मजकुराचं चित्र पीएनजीच ठेवायचं.

धुळेकर_७२

बरोबर, माझी एकेका पानाचीच असतात. मग एचडी करून पाठवा की. फोटो निवडल्यावर वर एचडीचं बटण असतं.

अक्षरजुळणी

एचडीत लांब बाजू ४०९६ च्या आसपास राहते. म्हणजे ताईंच्या चित्राची रुंदी ५७९ होईल. २२६ पेक्षा पुष्कळ बरं, पण एफोर पानावरचं १२ पॉइंट अक्षर तेवढ्या रुंदीत बारीकच. माझ्या मते दुसरी चूक एफोर पानाचीच आहे. २१ सेंटीमीटरचं पान सात सेंटीमीटरच्या पडद्यावर मावतं, तेव्हा १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. चित्र कितीही स्वच्छ असलं तरी आत्यांना बोटांनी मोठं करावंच लागेल, आणि मग ओळ डावी-उजवी सरकवत बसायचं.

म्हणून पानच फोनच्या मापाचं करा. वर्डमध्ये लेआउट, साइज, खाली मोअर पेपर साइजेस. रुंदी १० सेंमी. उंची वर्ड ५५.८७ सेंमीपर्यंतच घेतं, त्याच्या वर नाही, तेवढी द्या. चारही बाजूंचा समास ०.६. अक्षर १६ पॉइंट. फोनवर ते साधारण ११ पॉइंटचं दिसेल, म्हणजे पुस्तकातल्यासारखं.

फाँट मंगलऐवजी निर्मला यूआय घ्या. मंगल ओळींमध्ये फार जागा खातो, चित्र उगाच लांबतं. पण जागा वाचवायला ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’वर नेऊ नका, वरचे रफार आणि ऐकार कापले जातात. ‘सिंगल’ ठेवा.

लग्नपत्रिका_शिरपूर

माझ्याकडे जुन्या पत्रिका युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. गिऱ्हाइकाने वर्डची फाइल फोनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यांचं पण असं चित्र होईल का?

अक्षरजुळणी

होईल, फक्त पीडीएफ त्याच संगणकावर करा ज्यावर तो फाँट बसवलेला आहे. पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार सोबत जातो. पुढे चित्र कुठेही करा. मात्र वर्डची फाइल दुसरीकडे नेऊन पीडीएफ केली तर तोच गोंधळ चित्रात उतरेल.

तापीकाठ

पान बदललं. आता तीन पानं झाली आहेत, तिसरं अर्धवट. पुढे चित्र कसं काढू? ऑनलाइन साइटवर टाकायचा धीर होत नाही, आत्याची गाणी आहेत.

अक्षरजुळणी

तीन पानं म्हणजे १०८० रुंदीवर १५ हजार पिक्सेलच्या पुढची उंची. एवढं उंच चित्र काही फोनच्या गॅलरीत आधीच लहान करून दाखवतात, पाठवणं कितीही नीट केलं तरी. म्हणून माझा सल्ला ऐका, एका गाण्याचं एक चित्र करा. गाणं साधारण वीस ओळींचं असेल तर उंची २००० च्या आसपास येईल. ते एचडीत पाठवलं तर लहान होणारच नाही. साध्या फोटोतही ८६४ रुंदी राहील, ती वाचता येते.

वर्डमध्ये प्रत्येक गाणं नव्या पानावर सुरू करा. पानाचे आकडे काढून टाका. गाण्याच्या नावाखाली पूर्ण रुंदीची बारीक रेघ द्या, परिच्छेदाची खालची बॉर्डर. ती का, ते पुढे सांगते. मग सेव्ह अ‍ॅज पीडीएफ. पीडीएफ वर्डमधूनच करा, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ओळी वेगळ्या तुटतात.

मग पॉपलर आणि इमेजमॅजिक हे दोन प्रोग्रॅम बसवा, दोन्ही फुकट आहेत आणि तुमच्याच लॅपटॉपवर चालतात, काही बाहेर जात नाही. गाण्यांच्या फोल्डरमध्ये कमांडची खिडकी उघडून:

```
pdftoppm -png -scale-to-x 1080 -scale-to-y -1 gani.pdf gane
magick mogrify -trim -bordercolor white -border 65 gane-*.png
```

पहिली ओळ प्रत्येक पानाचं थेट १०८० रुंदीचं चित्र काढते. आधी मोठं काढून मग लहान करायचं नाही, त्या दुसऱ्या वेळी शिरोरेषा धूसर होते. दुसरी ओळ खालचा रिकामा पांढरा भाग कापून कडेला थोडा समास परत देते. कापताना ती चारही बाजूंनी कापते, म्हणून छोट्या ओळींचं गाणं अरुंद होतं आणि फोनवर अक्षर भलतंच मोठं दिसतं. ती पूर्ण रुंदीची रेघ असली की सगळी गाणी एकाच मापाची राहतात. पानाचा आकडा तळाशी राहिला तर मात्र खालचं काही कापलंच जाणार नाही. आणि दुसरी ओळ मूळ चित्रांवरच लिहिते, तेव्हा आधी नक्कल ठेवा.

धुळेकर_७२

कमांड न वापरता होत नाही का? सगळ्यांना जमत नाही.

अक्षरजुळणी

होतं. गिंपमध्ये पीडीएफ उघडताना रुंदी किती पिक्सेल ते विचारतं, तिथे १०८० द्या आणि पानं वेगवेगळी उघडा. खालची पांढरी जागा हाताने कापायची, पीएनजी म्हणून काढायचं. सात गाण्यांना अर्धा तास जाईल.

यावलकर

फोनमध्येच एक ऑफिसचं अ‍ॅप आहे, त्यात लांब चित्राचा पर्याय आहे. मी तोच वापरतो. फुकटात वॉटरमार्क येतो एवढंच.

तापीकाठ

वॉटरमार्क नको, गाण्यावर कुणाचं नाव नको. कमांडनेच केलं, भाच्याने मदत केली. सातही चित्रं झाली. सर्वात मोठ्या गाण्याची उंची २३१० आली. एचडी फोटो म्हणून पाठवलं, आत्याच्या फोनमध्ये तपशील बघितला तर १०८० × २३१०, जसंच्या तसं. तिने चष्मा न लावता पहिलं कडवं वाचून दाखवलं. मध्येच थांबून म्हणाली, इथे ‘ध’ नाही, ‘घ’ आहे, तू चुकीचं टाइप केलंस. अक्षर दिसायला लागलं तेव्हा माझी चूक कळली!

पण भाऊबंदांच्या ग्रुपमध्ये काकूंना सगळी गाणी एकाच चित्रात हवी आहेत, ओळीने खाली सरकत जायचं म्हणून. ते जोडलं:

```
magick gane-*.png -append sagli.png
```

उंची १४ हजारांच्या वर. फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, तर पोचलं पूर्ण मापात. तरी दोघींच्या जुन्या फोनवर उघडल्यावर अस्पष्टच दिसतं.

अक्षरजुळणी

डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप हात लावत नाही, तेवढी खात्री. त्या दोघींच्या फोनमध्ये गॅलरीच लहान करत असणार. दुसऱ्या चित्र दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडून बघायला सांगा. तरी धूसर असेल तर तीन-चार गाण्यांचे दोन तुकडे करा. किती उंचीपर्यंत त्यांचा फोन साथ देतो ते करूनच कळेल, फोनगणिक वेगळं असतं.

तापीकाठ

६९०० चा एक तुकडा पाठवला. एकीकडे स्वच्छ दिसतो, दुसरीकडे अजून नाही. तिला सुट्टी सात चित्रंच ठेवते. ती ‘घ’ची दुरुस्ती केली, आता आत्याला बाकीची सहा गाणी फोनवरच वाचायला देते. रविवारी कानबाई बसायच्या आत सगळी तपासून व्हायला हवीत.