मदत हवी आहे: एक डमी वगळूनही मॅट्रिक्सची रँक अपुरी का पडते?

कांदेभाव: मी कृषी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असून लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चाकण, जुन्नर आणि सोलापूर या पाच बाजारांतील कांद्याच्या रोजच्या भावावर काम करीत आहे. भाव रुपये प्रति क्विंटल असून स्पष्टीकरणासाठी आवक, बाजार आणि जिल्हा (नाशिक, पुणे, सोलापूर) घेतले आहेत. डमीच्या सापळ्याविषयी वाचले असल्याने लासलगाव आणि नाशिक यांचे स्तंभ मी वगळले.

```r
m <- lm(bhav ~ aavak + bazar + jilha, data = d)
```

तरीही `2 not defined because of singularities` असा संदेश येतो आणि पुणे व सोलापूर जिल्ह्यांपुढे `NA` दिसते. सूत्रात `jilha` आधी लिहिले तर पुण्याचा सहगुणक −30 येतो. माझ्या सहकाऱ्याने हीच माहिती पायथॉनच्या statsmodels मध्ये चालवली, तेव्हा एकही जागा रिकामी राहिली नाही आणि पुण्याचा सहगुणक 10 आला. मार्गदर्शकांना यांतला कोणता आकडा दाखवावा?

सरळरेषा: ही मल्टिकोलिनिअॅरिटी आहे. व्हीआयएफ काढून दहाच्या वरचे चल वगळावेत, किंवा सूत्रात `- 1` लिहून स्थिरपद काढून टाकावे, म्हणजे प्रश्न मिटेल.

कांदेभाव: `car::vif` मॉडेलच स्वीकारत नाही, `there are aliased coefficients in the model` एवढे सांगून थांबते. स्थिरपद काढल्यावरही दोन `NA` तसेच राहिले.

भाजीमंडई: आमच्याकडे टोमॅटोच्या बाबतीत असेच झाले होते. आवक आणि पाऊस एकमेकांशी फार निगडित होते, म्हणून आम्ही आणखी दोन वर्षांची माहिती जोडली आणि सहगुणक स्थिरावले. आपणही नोंदी वाढवून पाहाव्यात.

जुना_हिशेबी: भाजीमंडई यांचा अनुभव खरा आहे, परंतु तो दुसऱ्या दुखण्याचा आहे. तिथे स्तंभ जवळजवळ समांतर होते, त्यामुळे नोंदी वाढल्यावर प्रमाणत्रुटी कमी झाली. इथे स्तंभांतले नाते तंतोतंत आहे, आणि दहा लाख ओळी जोडल्या तरी ते बदलणार नाही.

कांदेभाव, आपण स्तंभ मोजून पाहा. स्थिरपद एक, आवक एक, बाजारांचे चार आणि जिल्ह्यांचे दोन, असे आठ होतात. चाकणच्या दिवशी पुणे जिल्ह्याच्या स्तंभात 1 असतो, जुन्नरच्या दिवशीही 1 असतो आणि अन्यत्र 0. म्हणजे पुण्याचा स्तंभ हा चाकण व जुन्नर यांच्या स्तंभांची बेरीज आहे. सोलापूर बाजार आणि सोलापूर जिल्हा हे तर एकच स्तंभ दोन नावांनी लिहिलेले आहेत. अशी दोन नाती असल्याने रँक सहा राहते. प्रत्येक गटातला एक स्तंभ वगळण्याचा नियम फक्त गटाचे स्थिरपदाशी असलेले नाते तोडतो. बाजार जिल्ह्याच्या पोटात असल्याने निर्माण झालेले नाते त्याने तुटत नाही. स्थिरपद काढल्यावर आर पहिल्या गटाचा वगळलेला स्तंभ परत आणतो, त्यामुळे सरळरेषा यांचा उपाय इथे लागू पडला नाही. ही दोन्ही नाती `alias(m)` ही आज्ञा आपल्याला लिहून दाखवील.

आता तीन आकड्यांकडे येऊ. पहिल्या मांडणीत चाकण आणि जुन्नर यांचे सहगुणक किती आले?

कांदेभाव: चाकण 60, जुन्नर −30 आणि सोलापूर −165.

जुना_हिशेबी: मग उलगडा झाला. आर सूत्रात मागे असलेला परावलंबी स्तंभ टाकतो. जिल्हा आधी लिहिल्यावर जुन्नरचा स्तंभ गळाला, म्हणून पुण्यापुढे दिसणारे −30 हे प्रत्यक्षात जुन्नर आणि लासलगाव यांच्यातले अंतर आहे. त्याच मांडणीत चाकणपुढे 90 दिसत असेल, कारण −30 आणि 90 मिळून 60 होतात. statsmodels सामान्यतः छद्म-व्यस्त वापरते, म्हणजे असंख्य उत्तरांपैकी ज्याच्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ते निवडते. तिथे पुणे 10, चाकण 50 आणि जुन्नर −40 आले असतील, आणि सोलापूरचे −165 बाजार व जिल्हा यांत −82.5 प्रमाणे निम्मेनिम्मे वाटले गेले असतील.

कांदेभाव: अगदी हेच आकडे आहेत! सोलापूर दोनदा सारखे आल्याने आम्हाला ती टंकनाची चूक वाटली होती.

जुना_हिशेबी: तिन्ही मांडण्यांत अपेक्षित भाव एकच येतो, आपण तो ताडून पाहा. भावाचा अंदाज एवढाच हेतू असेल तर काही बिघडलेले नाही. जिल्ह्याचा परिणाम मात्र बाजारांच्या डमी ठेवून या माहितीतून वेगळा काढता येणार नाही. जिल्ह्यातला फरक हवा असेल तर चाकण व जुन्नर यांची सरासरी घेऊन ती लासलगाव व पिंपळगाव यांच्या सरासरीशी ताडावी, आणि ही सरासरी आपण ठरवली आहे हे प्रबंधात नमूद करावे.

सरळरेषा: बाजारांना यादृच्छिक परिणाम मानले तर दोन्ही ठेवता येतील ना?

जुना_हिशेबी: गणित सुटेल, हे मान्य. परंतु सोलापुरात एकच बाजार असताना त्यातले किती बाजाराचे आणि किती जिल्ह्याचे, हे माहितीऐवजी गृहीतकच ठरवील. पाच बाजारांवर ते गृहीतक धरावे की नाही, याविषयी माझे मन अजून झालेले नाही.

कांदेभाव: सोलापूर जिल्ह्यातील आणखी एका बाजाराची आवक व भाव मिळतात का, ते उद्या पाहतो.