मदत हवी आहे: मराठी-गुजरातीतलं नपुंसकलिंग एका पोटशाखेचा पुरावा होतं का?

अर्धविराम

भाषाविज्ञानाच्या वर्गात मला इंडो-आर्यन भाषांच्या पोटशाखांवर दहा मिनिटं बोलायचंय. मी मांडलंय की मराठी आणि गुजराती हिंदीपेक्षा एकमेकींना जवळच्या, कारण दोघींत तीन लिंगं आहेत: 'चांगलं घर', 'सारुं घर'. हिंदीत नपुंसकलिंग नाही, बंगालीत तर व्याकरणिक लिंगच उरलेलं नाही. सरांनी वहीत एवढंच लिहिलं, "हे जपलेलं आहे, घडलेलं नाही." म्हणजे नेमकं काय चुकलं?

सुरतची सून

चुकलं काहीच नाही! माझ्या सासरी कांद्याला कांदोच म्हणतात, प्याज कोणी म्हणत नाही. अशा शब्दांची यादी दे की. शंभरेक तर मीच काढून देईन.

जुनी वही

सूनबाई, 'कंद'चा अर्थ आक्रसून एकाच भाजीवर आला हा बदल मजेशीर आहे खरा, पण असे शब्द बाजारातून, शेजारातून सहज पलीकडे जातात. त्यावर शाखा उभी करता येत नाही.

अर्धविराम, तीन लिंगं संस्कृतातच होती. आजीची नथ दोन नातींनी जपून ठेवली आणि बाकीच्यांनी मोडली, तर त्या दोघी सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. चुलतबहिणीही असू शकतात. कोकणीतही नपुंसकलिंग आहे ('बरें घर'), आणि पार जम्मूकडच्या भदरवाहीतही त्याच्या खुणा आहेत. भदरवाहीला मराठीची बहीण करणार का? नातं ठरवायचं तर मूळ भाषेत नसलेलं काहीतरी दोघींनी मिळून नव्यानं घडवलेलं हवं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ लेस्कीननं १८७६ मध्ये आणि ब्रुगमाननं १८८४ मध्ये हीच अट घातली.

वांद्रे लोकल

मग उलटं करा. नपुंसकलिंग *गमावणं* हा नवा बदल ना? म्हणजे हिंदी आणि मारवाडी एका शाखेत. आणि गुजराती 'करशे', मारवाडी 'करसी' हा भविष्यकाळ सारखा, तोही पुरावा धरा.

जुनी वही

विचाराची दिशा बरोबर, पण दोन्हीकडे घसरलात.

'करशे' आणि 'करसी' ही संस्कृत 'करिष्यति'ची नातवंडं. पश्चिम पंजाबातल्या लहंदातही भविष्यकाळात असाच स-कार आहे. म्हणजे पुन्हा नथच.

लोपाचं म्हणाल, तर गोष्टी आपापल्या घरीही हरवतात. इथे तर ते दाखवताच येतं. इटालियन अभ्यासक तेस्सितोरी यांनी १९१४ ते १९१६ या काळात जुन्या पश्चिम राजस्थानीचं व्याकरण मांडलं. ही भाषा गुजराती आणि मारवाडी दोघींची पूर्वज, आणि तिच्यात नपुंसकलिंग होतं. याचा अर्थ मारवाडीनं ते गुजरातीपासून वेगळी झाल्यावर सोडलं. हिंदीनंही सोडलं, पण दोघींनी एकत्र नव्हे.

पेडण्याचो

आमची कोकणी कुठे बसते मग? आम्ही 'घोडो' म्हणतो, गुजरातीही 'घोडो', मराठी मात्र 'घोडा'. माझा मामा यावरून कोकणीला गुजरातीची बहीण ठरवतो आणि जेवणावर भांडण होतं.

जुनी वही

मामांना सांगा, प्राकृतातल्या शेवटच्या 'अओ'चं पुढे 'ओ' किंवा 'आ' होणार, वाटा दोनच. सिंधीही 'घोडो'च म्हणते. इतक्या कमी पर्यायांतून जमलेलं साम्य योगायोगानंही होतं.

अर्धविराम

मग भक्कम असं काय उरलं? 'केलं'मधला 'ल' चालेल का? संस्कृत 'कृत'मध्ये ल नाही.

जुनी वही

ही खरी नवी घडण. प्राकृतातला '-इल्ल' हा विशेषणाचा प्रत्यय भूतकाळाला चिकटला. मराठी 'केलं', कोकणी 'केलें', ओडिया 'कला', बंगाली 'करलो'. गुजराती इथे 'कर्युं' म्हणून हिंदी-राजस्थानीकडे जाते. म्हणजे तुझ्या टिपणातली जोडी इथेच फुटते.

पण घाई नको. भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सननं या 'ल'सह काही खुणांवरून मराठी आणि पूर्वेकडच्या भाषांना एका 'बाहेरच्या' गटात घातलं आणि भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींनी १९२६ मध्ये त्यावर हरकत घेतली. प्रत्यय सगळ्यांकडे आधीच होता, चिकटवायचं काम कोणीही स्वतंत्रपणे केलं असेल. गुजरातीतही 'करेलुं काम' आहेच, फक्त तो मुख्य भूतकाळ झाला नाही. आणि मराठीत 'मी भाकरी केली' म्हणताना क्रियापद भाकरीकडे बघतं, बंगाली 'आमि करलाम'मध्ये कर्त्याकडे.

वांद्रे लोकल

पण भाषाशास्त्रज्ञ साउथवर्थनी २००५ मध्ये बाहेरच्या गटाची बाजू पुन्हा मांडली ना?

जुनी वही

मांडली, म्हणून तर मी 'ल' बाद म्हणत नाही. माझं मत विचाराल तर एकटा 'ल' पुरत नाही. त्याच भाषांत दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला आणि सहज न घडणारा बदल सापडला पाहिजे. मराठी-कोकणीसाठी मी आधी षष्ठीचा 'च' तपासेन: 'घराचं', 'घराचें'. गुजरातीत तिथे 'घरनुं'.

अर्धविराम

नपुंसकलिंग काढून 'ल' आणि 'च' घालते. सोमवारी बोलायचंय.

पेडण्याचो

मामा म्हणतो, 'च' मराठीतून उसना आला असेल तर?

जुनी वही

प्रत्यय उसने येणं अवघड असतं, अशक्य नसतं. मामांना इथे खातं उघडायला सांगा.